काकूंच्या फोनचं उत्तर

मराठी विभागासाठी लिहायचं म्हटलं की माझी जरा तंतरतेच. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यानंतर सायन्स, आणि आता थर्ड इयर. शुद्धलेखनाच्या चुका संपादक सरांनी काढल्या असतील अशी आशा आहे. पण हा लेख इंग्लिश विभागात देऊन उपयोग नव्हता. कारण तो ज्यांच्यासाठी आहे त्या काकू मराठीच वाचतात.

या काकू पोलादपूरला राहतात. त्यांचा मुलगा माझा शाळेपासूनचा मित्र. महाडच्या एसटी स्टँडवर आमची ओळख झाली, आणि पाचवीपासून एकाच बाकावर बसलो. त्याचे पप्पा महाड एमआयडीसीत शिफ्टला जातात, काकू घरी शिलाई करतात, एक धाकटी बहीण आहे, आणि आजी घाटाकडच्या वाडीत एकटी राहते. तुमच्या-माझ्यासारखंच घर. नाव मी सांगणार नाही. त्याने हा लेख आधी वाचला, दोन ठिकाणी पेन मारलं आणि "दे छापायला" म्हणाला, म्हणून देतोय.

2022 च्या दिवाळीत, भाऊबीजेच्या रात्री, त्याने घरी सांगितलं. आम्ही दोघं तेव्हा बारावीत, सतरा वर्षांचे. जेवणं चालू होती. तो म्हणाला, "मला मुली आवडत नाहीत. मला मुलं आवडतात. मी गे आहे."

पप्पांचा हात ताटातच थांबला. मग ते उठले आणि त्याचा मोबाईल काढून घेतला. "हे सगळं याच्यामुळे झालंय." काकू रडायला लागल्या. "मी कोणाचं काय वाकडं केलं होतं?" थोड्या वेळाने डोळे पुसून त्या म्हणाल्या, "हे घराबाहेर कुठे बोलू नकोस हं." बस. मारहाण नाही, घराबाहेर काढणं नाही. सिनेमात दाखवतात तसं काहीच झालं नाही.

पण त्यानंतर तीन दिवस घरात कोणी त्याच्याशी बोललं नाही. चौथ्या दिवशी त्याला आजीच्या वाडीला नेऊन भगताकडून नारळ उतरवला. डिसेंबरमध्ये मामांच्या ओळखीने मुंबईच्या एका डॉक्टरकडे नेलं. त्यांनी सांगितलं, "सहा महिन्यांत नॉर्मल करून देतो." फी घेतली, गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तो वर्गात झोपायला लागला. मोबाईल नव्हता, मित्रांकडे जायला बंदी होती, आणि बारावीच्या प्रॅक्टिकल्स तोंडावर आल्या होत्या. फेब्रुवारीत एका रात्री त्याने शेजाऱ्यांच्या फोनवरून मला कॉल केला. म्हणाला, "मला आता जगायचं नाही." मी बाबांची गाडी काढून पोलादपूरला गेलो आणि सकाळपर्यंत त्याच्याजवळ बसलो. सकाळी काकूंना सगळं सांगून घरी आलो.

दुपारी काकूंचा फोन आला. त्या मला म्हणाल्या, "बाळा, तू त्याचा मित्र आहेस. तूच सांग, आम्ही काय करायचं?"

मी म्हणालो, "होईल काकू सगळं नीट." याच्याइतकं फालतू उत्तर मी आयुष्यात कुठल्या व्हायव्हातसुद्धा दिलेलं नाही. त्यांनी खरा प्रश्न विचारला होता. त्याचं खरं उत्तर आहे आणि ते फार अवघडही नाही. पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. तीन वर्षं वाचून, लोकांशी बोलून आणि त्या घराकडे बघून जे कळलं ते आता लिहितो.

काकू, पहिली गोष्ट पहिल्या पाच मिनिटांची. तुमच्यासाठी ती बातमी त्या रात्रीची होती. त्याच्यासाठी ती चार वर्षांची होती. आठवीपासून त्याला कळत होतं. "आज सांगू" असं त्याने किती वेळा ठरवून मागे घेतलं होतं, ते मला माहीत आहे. असा मुलगा बोलतो तेव्हा तो माहिती देत नसतो. तो एकच प्रश्न विचारत असतो: मी अजून तुमचाच आहे ना? तुम्ही काहीही बोललात तरी तो त्यातून या एका प्रश्नाचं उत्तर शोधतो. मोबाईल काढून घेणं हे पप्पांच्या मते बंदोबस्त होतं. त्याने त्याचा अर्थ "नाही" असा घेतला. तुमचं रडणं स्वतःच्या काळजीपोटी होतं, पण त्याला वाटलं, मी आईचं पाप आहे.

मग म्हणायचं काय? मोठं भाषण लागत नाही. "बरं झालं तू मला सांगितलंस. मला यातलं फारसं कळत नाही. पण तू माझाच आहेस. जेवण गार होतंय, आधी जेव." एवढं पुरे. यात खोटं काहीच नाही. "मला आनंद झाला" असं म्हणायची सक्ती नाही, आणि सगळं समजल्याचं नाटकही करायचं नाही. मुलांना नाटक लगेच कळतं. समजायला वेळ लागला तरी चालतो. आपला म्हणायला मात्र वेळ लागू नये.

त्यानंतर प्रश्न विचारावेत, पण कोणते ते बघून. "किती दिवस मनात होतं? एकटाच होतास का? कॉलेजात कोणी त्रास देतं का? आणखी कोणाला सांगितलंयस?" या प्रश्नांतून तो कुठे अडचणीत आहे ते आईबापाला कळतं, आणि त्याला वाटतं की यांना माझी काळजी आहे. "नक्की का? कोणी बिघडवलं तुला? आमचं कुठे चुकलं?" हे प्रश्न दिसायला प्रश्न असतात, पण खरं तर ते आरोप असतात. त्यांना उत्तर देण्यापेक्षा मुलगा गप्प बसतो. आणि मुलगा गप्प बसला की पुढचं काहीच कळत नाही.

आणि पहिल्या रात्री चुकलंच तर? बहुतेकांचं चुकतं. आपल्याकडे या गोष्टीची रंगीत तालीम कोणी करत नाही. अशा वेळी दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, अगदी वर्षानेसुद्धा जाऊन म्हणता येतं, "त्या रात्री मी बोललो ते चुकीचं होतं. मी घाबरलो होतो." आपल्या घरांत बाप मुलाला सॉरी म्हणत नाही, हे मला माहीत आहे. तेवढ्यासाठीच त्या वाक्याचं वजन जास्त असतं.

दुसरी गोष्ट डॉक्टरची. डॉक्टरकडे नेलंत यात मी तुम्हाला दोष देत नाही. मुलाचं काही बिनसलंय असं वाटलं की आई डॉक्टरकडेच नेणार. पण ज्यासाठी नेलं तो आजारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 साली आजारांच्या यादीतून समलैंगिकता काढून टाकली. आपल्या देशातल्या मानसोपचार तज्ज्ञांची संघटना, इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटी, हिनेही 2018 मध्ये जाहीर सांगितलं की हा आजार नाही. जो आजारच नाही त्याला औषध कुठून येणार? "बदलून देतो" म्हणणारा डॉक्टर जे विकतो त्याला कन्व्हर्जन थेरपी म्हणतात. 2022 मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने राज्यांच्या मेडिकल कौन्सिलना कळवलं की असे उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन समजलं जाईल. म्हणजे तुम्ही मुंबईला गेलात त्याच्या काही महिने आधीच.

हे घडलं मद्रास हायकोर्टातल्या एका केसमुळे, आणि ती केस प्रत्येक आईबापाने माहीत करून घ्यावी अशी आहे. मदुराईच्या दोन मुली एकमेकींवर प्रेम करत होत्या. घरून विरोध झाला म्हणून त्या चेन्नईला निघून गेल्या. पालकांनी पोलिसांत हरवल्याची तक्रार दिली, आणि पोलिसांचा ससेमिरा थांबावा म्हणून मुली 2021 मध्ये कोर्टात आल्या. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांच्यापुढे केस होती. त्यांनी सरळ कबूल केलं की या विषयाची आपल्याला नीट समज नाही. मग ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसले, शिकले, आणि त्यानंतर निकाल दिला. मुलींच्या पालकांनाही त्यांनी समुपदेशनाला पाठवलं. हायकोर्टाचा जज्ज "मला कळत नाही, आधी शिकतो" म्हणू शकतो, तर पोलादपूरच्या बापाला ते म्हणायला कमीपणा कसला?

मग डॉक्टरकडे कधीच जायचं नाही का? असं नाही. मूल झोपत नसेल, जेवत नसेल, अभ्यासातून आणि मित्रांतून एकदम मन काढून घेत असेल, आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल, मरणाची भाषा करत असेल, तर जायलाच हवं आणि लगेच जायला हवं. पण ते निराशेच्या उपचारासाठी, गे असण्याच्या उपचारासाठी नाही. योग्य माणूस ओळखायची सोपी खूण आहे. पहिल्याच भेटीत विचारा, "तुम्ही याला बदलणार का?" उत्तर "हो" आलं, किंवा "प्रयत्न करू" आलं, तरी तिथून उठा. "बदलायचं काही कारण नाही, पण तो दुःखी का आहे ते बघू" असं म्हणणारा माणूस योग्य. रात्री-अपरात्री कोणीच सापडत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे. 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, आणि मुलांइतकाच तो आईबापांसाठीही आहे. पण मूल मरणाबद्दल बोललं असेल तर फोन लावून झाल्यावरही त्याला एकटं सोडायचं नाही.

माझ्या मित्राच्या बाबतीत त्या फेब्रुवारीनंतर काकू त्याला एका सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचाराच्या मॅडमकडे घेऊन गेल्या. मॅडमनी आधीच्या गोळ्या बघितल्या. त्या एकदम न सोडता हळूहळू कशा बंद करायच्या ते लिहून दिलं. मग पप्पांना एकट्याला आत बोलावून सांगितलं, "तुमचा मुलगा गे आहे हा आजार नाही. त्याला डिप्रेशन आलंय हा आजार आहे, आणि तो गेल्या चार महिन्यांत आलाय." पप्पा बाहेर आले ते गप्पच. पण दुसऱ्या दिवशी कपाटातला मोबाईल चार्ज करून त्याच्या उशाशी ठेवलेला होता.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला केटलिन रायन नावाच्या संशोधिकेने अशा घरांचा अभ्यास केला, आणि तो 2009 मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात छापून आला. 21 ते 25 वयाच्या 224 गे, लेस्बियन आणि बायसेक्शुअल मुलामुलींना विचारलं की तुम्ही टीनेजर असताना घरचे कसे वागले. ज्यांना घरून खूप नकार मिळाला होता त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाचं प्रमाण, ज्यांना नकार मिळाला नाही किंवा थोडाच मिळाला त्यांच्या तुलनेत, आठपटीहून जास्त होतं. हा आकडा अमेरिकेतला आहे, आपल्या घरांना तो जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणत नाही. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. तिथल्या नकाराच्या यादीत फक्त मारणं आणि हाकलणं नव्हतं. मित्रांना भेटू न देणं, बदलायला लावणं, "कोणाला सांगू नकोस" म्हणणं, हेही होतं. म्हणजे आईबाप जे काळजीपोटी करतात तेच. रायन यांचं म्हणणं असं की घर पूर्ण बदललं नाही, पण हे वागणं थोडंसं जरी कमी झालं तरी मुलाचा धोका कमी होतो. मला हे फार दिलासा देणारं वाटतं. शंभर मार्क मिळवायची सक्ती नाही. पस्तीसनेही जीव वाचतो.

आता तिसरी गोष्ट, "घराबाहेर बोलू नकोस". महाड काय, पोलादपूर काय, बाजारपेठेच्या एका टोकाला शिंकलं की दुसऱ्या टोकाला "शतायुषी भव" ऐकू येतं. काकूंची भीती खोटी नव्हती. मुलीचं लग्न आहे, भावकी आहे, शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा सगळा गाव येतो. पण त्याच वाक्याची दोन रूपं आहेत, आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. "कोणाला सांगू नकोस" याचा अर्थ होतो, तू लाज आहेस. "कोणाला, कधी सांगायचं ते तू ठरव, आम्ही तुला न विचारता कोणाला सांगणार नाही" याचा अर्थ होतो, ही तुझी गोष्ट आहे आणि आम्ही तुझ्या बाजूला आहोत. गुपित दोन्हीकडे राहतं. पण पहिल्यात मूल एकटं राहतं, दुसऱ्यात नाही.

म्हणून त्याला न विचारता मामा, काका, क्लासचे सर यांना सांगायचं नाही. माझ्या मित्राला भगतापेक्षा मामांना कळल्याचा त्रास जास्त झाला, कारण मामांच्या घरून ते कुठवर जाईल याचा हिशोब तो रात्रभर करत बसायचा. आणि लोकांना द्यायचं उत्तर आईबापांनी आधीच ठरवून ठेवावं. एखादी आत्या हळदीकुंकवात "मुलाचं कधी करताय?" विचारणारच. "त्याचं तो बघेल, आधी शिकू दे" एवढं म्हणून चहा पुढे करावा. मात्र "लग्न केलं की सुधारेल" हा विचार मनातही आणू नये. त्यात दुसऱ्या घरच्या एका मुलीचं आयुष्य बुडतं, आणि तिने कोणाचं काहीच केलेलं नसतं.

चौथी गोष्ट मोबाईलची, कारण सगळे पालक तिथेच अडकतात. मोबाईलमुळे कोणी गे होत नाही. माझ्याकडेही तोच मोबाईल, तेच नेट होतं! पण मोबाईलवर धोका असतो हे खरं आहे. गावात आपल्यासारखं कोणी दिसत नाही, म्हणून मुलं अॅपवर वय खोटं सांगून अनोळखी माणसांशी बोलतात. मग कोणी फोटो मागतं, आणि नंतर "घरी सांगीन" म्हणून पैसे उकळतं. ही धमकी कशावर चालते बघा. घरी माहीत नसण्यावर आणि घरच्यांच्या भीतीवर. ज्या मुलाला खात्री आहे की पप्पा आपल्या बाजूने उभे राहतील, त्याला ब्लॅकमेल करता येत नाही. तेव्हा मोबाईल काढून घेण्यापेक्षा नियम करावेत, आणि ते बहिणीला असतात तेच असावेत. अठराच्या आत मोठ्या माणसांशी असली भानगड नाही, त्याला पोक्सो कायदा लागतो आणि तो मुलींइतकाच मुलांनाही लागू आहे. नवीन माणसाला भेटायचं तर दिवसा, चारचौघांत, घरी सांगून. कोणी धमकी दिली तर आधी आम्हाला सांग, आम्ही ओरडणार नाही. आणि खरंच ओरडायचं नाही.

इथे माझे काही रूममेट एक मुद्दा काढतात. "अरे, सतराव्या वर्षी काय कळतं? नंतर बदललं तर?" प्रामाणिक उत्तर असं की काही मुलं स्वतःसाठी एक शब्द वापरतात आणि पुढे त्यांना दुसरा शब्द जास्त बरोबर वाटतो. पण सतराव्या वर्षी एखाद्या मुलाला एखादी मुलगी आवडली तर आपण "नक्की का, नंतर बदललं तर?" असं विचारत नाही. आणि समजा बदललंच, तरी पालकांचं काय बिघडलं? त्यांनी नीट ऐकून घेतलं, आपलं मानलं, एवढंच ना. उलट ज्याचं बदलणार नाही त्याच्याशी "बदलेल" म्हणून वर्षं काढली तर जे जातं ते परत येत नाही.

शेवटची गोष्ट स्वतः काकूंची. या सगळ्यात आईबापाने आपलं दुःख कुठे न्यायचं? दुःख होणारच. डोक्यात सून होती, नातवंडं होती, आणि लोक काय म्हणतील ते तर असतंच. हे दुःख चूक नाही, फक्त ते मुलापुढे मांडायचं नाही. नाहीतर सतरा वर्षांचं पोर आईची समजूत काढत बसतं. त्यासाठी दुसरा पालकच हवा.

असे पालक आपल्या महाराष्ट्रातच आहेत. मराठी रंगभूमीवरच्या आणि 'माटी माय' हा चित्रपट करणाऱ्या चित्रा पालेकर यांनी जाहीरपणे सांगितलंय की मुलीने आपण लेस्बियन असल्याचं सांगितलं तेव्हा त्यांना या विषयाची काहीच माहिती नव्हती. नाटक-सिनेमात वावरलेल्या, शिकल्यासवरलेल्या बाईला! त्यांनी मुलीला जवळ ठेवलं आणि मग स्वतः वाचून शिकल्या. म्हणजे आधी स्वीकार आणि मग समज, या क्रमाने. पुढे कलम 377 चा खटला सुप्रीम कोर्टात होता तेव्हा 19 पालक मिळून कोर्टात गेले की हा कायदा आमच्या मुलांना गुन्हेगार ठरवतो आणि आमची घरं भीतीत ठेवतो. चित्राताई त्यांतल्या एक होत्या. 2013 मध्ये तो खटला हरला. 6 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सज्ञान माणसांमधले असे संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला.

2017 साली मुंबईत अशा आईबापांनी 'स्वीकार' नावाचा गट काढला. नवा पालक येतो, जुना पालक त्याचं ऐकून घेतो, एवढंच मुख्य काम. ज्या आईला चार वर्षांपूर्वी हाच फोन आला होता तिच्याशी बोलल्यावर जे हलकं वाटतं ते डॉक्टरकडे किंवा माझ्यासारख्या पोराकडे मिळत नाही. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर साध्या मराठीत पुस्तकं लिहिली. त्यांचं 'पार्टनर' मी काकूंना नेऊन दिलं. त्यांनी ते शिलाई मशीनच्या खणात ठेवलं, आणि दुपारी घरात कोणी नसताना वाचून संपवलं.

मुलाच्या पुढच्या आयुष्याबद्दलही खोटं सांगू नये. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला मान्यता दिली नाही. त्याआधी एप्रिलमध्ये 'स्वीकार'च्या चारशेहून जास्त पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं की आमच्या हयातीत आमच्या मुलांची लग्नं बघू द्या. ते झालं नाही. तेव्हा "सगळं छान होईल" असं म्हणण्यापेक्षा "कठीण जाईल, पण शीक, पायावर उभा राहा, घर तुझंच आहे" हे जास्त खरं आहे. मुलं खऱ्याला जास्त टिकतात.

सर-मॅडम, तुमच्यातले बरेचजण स्वतः पालक आहात. आणि मित्रांनो, हॉस्टेलच्या रूममध्ये ही गोष्ट आईबापाच्या आधी तुमच्याकडे येईल. तेव्हा दोन कामं करा. ती दुसऱ्या रूमपर्यंत जाऊ देऊ नका. आणि त्याच्या घरून कोणी "आम्ही काय करायचं?" विचारलं तर माझ्यासारखं "होईल सगळं नीट" म्हणू नका.

माझा मित्र सध्या पुण्याला शिकतो. बारावीला मार्क कमी पडले, एक वर्ष गेलं, पण तो आहे. गेल्या दिवाळीला मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. भाऊबीजेचीच रात्र, तेच ताट, तीच जागा. पप्पा अजूनही 'गे' हा शब्द उच्चारत नाहीत. आजीला काही माहीत नाही, आणि तिला सांगायचं की नाही ते मित्रानेच अजून ठरवलेलं नाही. काकू वाढत होत्या. पप्पांनी मान वर न करता विचारलं, "तुझा तो पुण्याचा मित्र येणार होता ना? आला नाही तो?"

"त्याला सुट्टी नाही मिळाली पप्पा."

"बरं. मग पुढच्या वेळी आण. करंज्या बांधून दे गं याच्याकडे, दोघांना पुरतील एवढ्या."

काकू आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. डबा मात्र मोठा भरला होता.